पाच पॉइंट एक के, आणि तेही दोन

अध्यक्ष महाशय आणि मंडळी, नमस्कार. पत्रिकेत विषय भारदस्त छापलाय: यूएसबी-सी पोर्ट केबलची दिशा कशी ओळखतो आणि करंटची मर्यादा कशी ठरवतो. तो मी सांगणारच आहे. पण तुमच्यापैकी जे मला आधी ऐकून बसलेत त्यांना ठाऊक आहे, की मूळ विषयावर यायला मला जरा वेळ लागतो. (हशा) आज तर माझ्या खिशात एक टॉर्चही आहे, त्यामुळे आणखी उशीर होईल.

जुना चपटा यूएसबी प्लग आठवतोय ना? एकदा घालायचा, जात नाही. उलटा करून घालायचा, तरी जात नाही. मग वाकून बघायचं आणि पहिल्यासारखाच घालायचा, की जातो. यूएसबी-सी आलं आणि हा त्रास संपला. कसाही घाला, चालतं. हे इतकं अंगवळणी पडलंय, की ‘कसाही घाला’ हे काम कुणीतरी करत असेल असं मनातही येत नाही. माझ्याही आलं नव्हतं. या टॉर्चनं आणून दिलं.

हा टॉर्च रिचार्जेबल आहे. मागच्या बाजूला यूएसबी-सीचं सॉकेट, सोबत एक आखूड केबल. तिचं एक टोक जुनं चपटं, दुसरं सी. त्या केबलीनं तो छान चार्ज व्हायचा. मग ती आखूड केबल हरवली. आखूड केबली हरवण्यासाठीच जन्माला येतात. मी म्हटलं, हरकत नाही, घरात सी-टू-सी केबल आहे, चांगला चार्जर आहे. लावलं, तर काहीच नाही. लाल दिवासुद्धा लागेना. चार्जर बदलला, केबल बदलली, केबल दोन्ही टोकांनी उलटसुलट करून पाहिली. टॉर्च ढिम्म. तोच चार्जर, तीच केबल फोनला लावली की फोन निमूट चार्ज. विक्रेत्याला विचारलं, तर त्याचं उत्तर आलं: ‘फक्त सोबतची केबल वापरावी.’ म्हणजे सगळ्या जगासाठी एकच पोर्ट बनवला आणि या टॉर्चसाठी पुन्हा एक खास केबल! माझी आजची तक्रार ती हीच, आणि ती मी पुरती मांडणार आहे.

माझ्याकडे एक छोटा बोर्ड आहे. सी पोर्टच्या पिना त्यावर बाहेर काढलेल्या असतात, तिथे मल्टिमीटरची टोकं लावता येतात. चार्जरला नुसती केबल लावली, दुसऱ्या टोकाला हा बोर्ड, आणि पॉवरच्या पिनेवर मीटर. शून्य व्होल्ट. चार्जर भिंतीत, बटण चालू, आणि पॉवर शून्य. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं चार्जर मेला. तो मेलेला नाही, नियमानं गप्प बसलेला आहे. जुन्या चपट्या पोर्टावर पाच व्होल्ट कायम हजर असायचे, समोर कुणी असो वा नसो. सी पोर्टाला तशी मुभा नाही. समोर खरोखर कुणीतरी घेणारा आहे, अशी खात्री पटेपर्यंत त्यानं पॉवरची पिन थंड ठेवायची असते. कारण सी-टू-सी केबलीची दोन्ही टोकं सारखी. पलीकडे दुसरा चार्जरही असू शकतो, आणि दोघांनी एकमेकांच्या अंगावर पाच व्होल्ट ओतायचे हे कुणालाच परवडणार नाही.

मग खात्री पटते कशी? इथे त्या दोन पिना येतात. पूर्ण सॉकेटात चोवीस पिना असतात, बारा वर, बारा खाली. पॉवर चार ठिकाणी, ग्राउंड चार ठिकाणी, आणि अशा मांडलेल्या की प्लग अर्धा फेरा फिरवला तरी पॉवरच्या जागी पॉवरच येते, ग्राउंडच्या जागी ग्राउंडच. वरच्या रांगेतली पाचवी पिन सीसी-१, खालच्या रांगेतली पाचवी सीसी-२. सीसी म्हणजे कॉन्फिगरेशन चॅनल. फिरवल्यावर या दोघी एकमेकींच्या जागी जातात. मात्र केबलमध्ये सीसीची वायर एकच असते. सॉकेटात दोन पिना आणि केबलमध्ये एक वायर. बाकी सगळं सारखं ठेवून इथे मुद्दाम खोट ठेवलीय, आणि सगळी जादू त्या खोटीत आहे.

देणारा, म्हणजे चार्जर, आपल्या दोन्ही सीसी पिना रेझिस्टरनं वर खेचून धरतो. घेणारा, म्हणजे टॉर्च, आपल्या दोन्ही सीसी पिना रेझिस्टरनं खाली, ग्राउंडला बांधतो. या खालच्या रेझिस्टरची किंमत ठरलेली आहे, ५.१ किलोओहम. आमच्या टेबलावरच्या भाषेत ‘पाच पॉइंट एक के’. केबल लागली की चार्जरची एक सीसी पिन त्या एकुलत्या वायरीतून टॉर्चच्या एका सीसी पिनेला जाऊन मिळते आणि तिच्यावरचं व्होल्टेज खाली येतं. दुसरी सीसी पिन मोकळीच, तिचं व्होल्टेज वरच. चार्जर बघतो, एक पिन खाली बसली. ती दहावीस मिलिसेकंदांचा धक्का तर नाही ना, म्हणून साधारण शंभर ते दोनशे मिलिसेकंद वाट बघतो. तरी खालीच असेल तर म्हणतो, आहे कुणीतरी, आणि पाच व्होल्ट सोडतो. केबल लावल्यावर फोनवर चार्जिंगचं चिन्ह क्षणभर उशिरा उमटतं, त्यात थोडा वाटा या थांबण्याचा असतो.

टॉर्च उघडला. सॉकेट सहा पिनांचं, नुसत्या पॉवरसाठी मिळतं ते. त्यात दोन पॉवर, दोन ग्राउंड आणि दोन सीसी. सीसीचे दोन्ही पाय बोर्डाला छान डाग दिलेले, आणि तिथून पुढे… काही नाही. तांब्याची रेघसुद्धा नाही. बाजूला बॅटरी चार्ज करणारी चिप, दोन कॅपॅसिटर, एक लाल दिवा, पण दोन रेझिस्टर नाहीत. मंडळी, हे रेझिस्टर भाताच्या शितापेक्षा लहान असतात. पाच व्होल्टाखेरीज त्या टॉर्चला काही नकोच होतं, म्हणून डिझाइन करणाऱ्याला वाटलं असणार की चार पिना जोडल्या की झालं. आणि त्यानं तपासलं असणार चपट्या केबलीनं. त्या केबलीत गंमत अशी, की चपट्या पोर्टावर पाच व्होल्ट कायम असतातच, कुणी विचारत नाही समोर कोण आहे. त्यामुळे त्याच्या टेबलावर टॉर्च पास, आणि माझ्या टेबलावर नापास.

आता मी काय केलं ते ऐका, कारण दिशा ओळखण्याचा सगळा धडा त्यात आहे. ‘५१२’ असं बारीक छापलेला रेझिस्टर घेतला. एकावन्नपुढे दोन शून्यं, म्हणजे ५१०० ओहम. भिंगाखाली एक सीसी पिन आणि ग्राउंड यांच्यामध्ये डाग दिला. एकच. दुसऱ्याचा कंटाळा केला. आता केबल लावली तर लाल दिवा लागला! मी खूश. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावली, दिवा नाही. काढून उलटी घातली, लागला. म्हणजे मी शतकातल्या सर्वात सोयीच्या पोर्टाचा पुन्हा जुना चपटा पोर्ट करून ठेवला होता! (हशा)

कारण उघड आहे. प्लग एका बाजूनं घातला की केबलची सीसी वायर माझ्या रेझिस्टरवाल्या पिनेला लागते. उलटा घातला की मोकळ्या पिनेला लागते, चार्जरला पलीकडे कुणीच दिसत नाही, आणि तो थंड राहतो. मग मी आणखी एक खेळ केला. टॉर्चकडचं टोक तसंच ठेवलं आणि चार्जरकडचं उलटून घातलं. काहीच फरक पडला नाही. चार्जरनं दोन्ही पिना वर खेचलेल्या असतात, त्याच्याकडे वायर कुठल्याही पिनेला लागली तरी चालतं. इथेच एक गैरसमज मोडतो. ‘केबलची दिशा’ असं आपण म्हणतो, पण एका केबलीला दोन टोकं आहेत आणि दोन्ही स्वतंत्रपणे उलटी होऊ शकतात. चार्जर फक्त आपल्याकडचं टोक ओळखतो, माझ्या कुठल्या सीसीवर ओढ जाणवली एवढंच. फोन फक्त आपल्याकडचं ओळखतो, माझ्या कुठल्या सीसीवर व्होल्टेज चढलं एवढंच. समोरच्याचं टोक सुलटं की उलटं, हे कुणालाच कळत नाही आणि कळायची गरजही नाही.

म्हणून तुमच्याकडे कुठलं यंत्र एका बाजूनंच चार्ज होत असेल तर केबलीला दोष देण्याआधी एवढं करा. यंत्राकडचं टोक उलटा. मग यंत्राकडचं तसंच ठेवून चार्जरकडचं उलटा. ज्या टोकानं फरक पडतो तिकडची एक सीसी पिन गेलेली असते. रेझिस्टर सुटलेला, पिन वाकलेली, नाहीतर नुसता खिशातला कचरा अडकलेला. टाचणीनं कोरू नका, लाकडी काडी घ्या, आणि आधी पॉवर काढा.

डेटाचंही असंच आहे, पण त्यावर एक वाक्य. यूएसबी २.० च्या डेटाची जोडी सॉकेटात वर-खाली दोनदा असते आणि बोर्डावर सरळ एकत्र बांधून टाकतात, तिला दिशेची पर्वा नाही. वेगवान जोड्यांना ती असते. त्या योग्य बाजूला वळवायला एक स्विच लागतो आणि त्याला ‘इकडे वळ’ हे सांगतं कोण, तर हीच सीसी. म्हणून एखादी डिस्क एका बाजूनं झपाट्यानं चालते आणि उलटवली की मंदावते, तेव्हा संशय या स्विचवर घ्यायचा.

हां, तर दुसरा रेझिस्टर. कुणी हुशार माणूस म्हणेल, दोन कशाला? दोन्ही सीसी पिना एकत्र जोडू, मिळून एक रेझिस्टर लावू. वायर कुठल्याही पिनेला लागली तरी तोच रेझिस्टर भेटेल. मलाही क्षणभर हे पटलं होतं. आणि मी एकटा नाही. २०१९ साली रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक बाजारात आला, त्याच्या पॉवर पोर्टात नेमकं हेच केलेलं होतं. साध्या केबलीनं व्यवस्थित चालायचा. पण महागड्या, लॅपटॉपसोबत येणाऱ्या काही केबलींनी चालूच होईना. लोक चक्रावले, स्वस्त केबल चालते आणि भारी केबल चालत नाही! बनवणाऱ्यांनी चूक मान्य केली आणि पुढच्या आवृत्तीत दुरुस्त केली.

हे जरा आकड्यांनी बघू, सोपं आहे. भारी केबलीच्या प्लगमध्ये एक छोटी ओळख-चिप असते, तिला ई-मार्कर म्हणतात. तिला वीज लागते, म्हणून प्लगमध्ये दुसऱ्या सीसी पिनेची जी जागा रिकामी असते, तिथे तिचा पॉवरचा पाय येतो. ‘मला वीज हवी’ हे सांगायला त्या पायापासून ग्राउंडला सुमारे एक किलोओहमचा रेझिस्टर असतो. आता त्या रास्पबेरी पायनं दोन्ही सीसी पिना एकत्र बांधल्या आहेत. म्हणजे ५.१ के आणि केबलचा १ के समांतर झाले. उत्तर सुमारे ८३६ ओहम. चार्जरला सीसी वायरीवर ५१०० दिसायला हवेत, दिसतात ८३६. आणि त्याच्या स्वतःच्या दुसऱ्या पिनेवर त्याच्याकडच्या प्लगमधला १ के दिसतोच आहे. दोन्ही पिनांवर हजाराच्या आसपास रेझिस्टर, याला नियमात एक ठरलेला अर्थ आहे: समोर हेडफोनचा ॲडॉप्टर आहे. हेडफोनला कोण पाच व्होल्ट देतं? चार्जर पुन्हा गप्प. चार्जरनं नियम पाळला, केबलीनं नियम पाळला, आणि तरी वीज नाही. एका रेझिस्टरची काटकसर!

म्हणून मी म्हणतो, पाच पॉइंट एक के, आणि तेही दोन, आणि तेही वेगवेगळे. हे वाक्य मला बोर्डावर कोरून…

(अध्यक्षांकडून चिठ्ठी आली.) आठ मिनिटं. अरे बापरे. अजून करंट बाकी आहे. अध्यक्ष महाशय, आठ म्हणजे दहा धरतो. (हशा)

तर करंट. आतापर्यंत मी ‘चार्जर वर खेचतो’ एवढंच म्हटलं, किती जोरात ते सांगितलं नाही. तिथेच मर्यादा लपलेली आहे. चार्जरकडे वर खेचणाऱ्या रेझिस्टरच्या तीन किमती चालतात. पाच व्होल्टाला खेचत असाल तर ५६ के, २२ के किंवा १० के. ५६ के म्हणजे ‘नेहमीचं मिळेल’, यूएसबी २.० ला ५०० मिलिअँपिअर, यूएसबी ३ ला ९००. २२ के म्हणजे दीड अँपिअर. १० के म्हणजे तीन. खालचा ५.१ के सगळीकडे तोच, त्यामुळे मधल्या बिंदूचं व्होल्टेज तीन वेगवेगळ्या पायऱ्यांवर बसतं. शेवटचं करून बघू. पाच व्होल्ट, वर १० के, खाली ५.१ के. एकूण १५.१. पाच गुणिले ५.१ भागिले १५.१, उत्तर सुमारे १.६९ व्होल्ट. तसंच २२ केला ०.९४ आणि ५६ केला ०.४२ येतं. फोन आपल्या सीसीवर हे व्होल्टेज मोजतो. ०.६६ च्या खाली असेल तर नेहमीचा करंट, ०.६६ ते १.२३ मध्ये दीड अँपिअर, त्याच्या वर तीन. कुठली चिठ्ठी नाही, कुठलं सॉफ्टवेअर नाही, शाळेतला व्होल्टेज डिव्हायडर. दिशा ज्या पिनेनं कळली तीच पिन करंटही सांगते.

नीट लक्षात घ्या, हा रेझिस्टर करंट अडवत नाही. त्याचा पॉवरच्या वायरीशी संबंधच नाही. चार्जर फक्त म्हणतो, ‘मी एवढं देऊ शकतो’, आणि घेणाऱ्यानं त्याच्या आत राहायचं असतं. चार्जरला स्वतःचं संरक्षण वेगळं ठेवावं लागतं. माझा टॉर्च सीसी वाचतच नाही, तो आपला अर्धा अँपिअर घेतो, म्हणून चालून जातं. नुसता रेझिस्टर लावून व्होल्टेज न मोजता कुणी दोन अँपिअर ओढायला लागला, तर ती चोरी.

आणि बोलणारा खोटं बोलला तर? चपट्या-टू-सी केबलीत जुन्या पोर्टाला सीसी नसतेच, म्हणून त्याच्या वतीनं बोलणारा रेझिस्टर केबलीच्या सी प्लगमध्ये बसवतात. तो ५६ केच हवा, कारण पलीकडे कुठला अशक्त पोर्ट आहे हे केबलीला माहीत नसतं. सुरुवातीच्या काळात बऱ्याच केबलींत तिथे १० के होता. फोनला वाटायचं तीन अँपिअर मिळतात, आणि तो बिचाऱ्या अर्ध्या अँपिअरच्या पोर्टावर तुटून पडायचा. गूगलमधले अभियंते बेन्सन लुंग २०१५ पासून एकेक केबल विकत घेऊन तपासत होते आणि निकाल जाहीर लिहीत होते. २०१६ च्या सुरुवातीला एका केबलीनं त्यांचा लॅपटॉपच बिघडवला. तिच्यात रेझिस्टर तर चुकीचा होताच, वर पॉवर आणि ग्राउंडच्या वायरी उलट्या जोडलेल्या होत्या. अशी केबल घरी ओळखायची असेल तर आधी दोन्ही टोकं सगळीकडून मोकळी करा. मग मघाच्यासारखा छोटा बोर्ड सी टोकाला लावा आणि मीटरनं पॉवर आणि सीसी यांच्यामधला रेझिस्टन्स मोजा. छप्पन हजारांच्या जवळपास यायला हवा. दहा हजार आला तर कात्री लावा, कुणाला देऊन टाकू नका.

आता धावतच. हे बोलणं एकदाच होत नाही. दोन पोर्टांच्या चार्जरला दुसरं यंत्र लावलं की तो पहिल्याच्या सीसीवरची ओढ बदलून तीनवरून दीडवर येऊ शकतो, आणि फोननं लगेच करंट कमी करायचा असतो. म्हणजे सीसीवर सतत नजर हवी. केबल काढली हेही चार्जरला सीसी मोकळी झाली यावरूनच कळतं आणि तो पाच व्होल्ट काढून घेतो. पाच व्होल्टाच्या वर जायचं असेल किंवा तीन अँपिअरच्या वर, तर मात्र रेझिस्टरांची भाषा पुरत नाही. मग याच सीसी वायरीवर डिजिटल बोलणं सुरू होतं, त्याला पॉवर डिलिव्हरी म्हणतात. तीनच्या वर जायला ती ई-मार्करवाली केबलही लागते. तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे, बोलावलंत तर. (हशा)

एकच प्रश्न घेता येईल म्हणताहेत. हो, तुम्ही. ‘दोन फोन एकमेकांना जोडले तर कोण कोणाला चार्ज करतो?’ छान. फोन देणाराही होऊ शकतो आणि घेणाराही, म्हणून तो रिकाम्या पोर्टावर आळीपाळीनं वर खेचतो आणि खाली खेचतो, सेकंदाला दहा-वीस वेळा. दोघंही असंच करत असतात. ज्या क्षणी एक वर आणि दुसरा खाली असा सापडतो, तिथे ठरतं. कुणाला एक भूमिका जास्त आवडते अशी सोय ठेवता येते, नाहीतर निव्वळ नशीब. वीस टक्केवाला नव्वदवाल्याला पाजतोय असंही दिसेल. केबल काढून पुन्हा लावा, कदाचित उलट होईल.

टॉर्च इथे टेबलावर ठेवतोय, शेजारी चार्जर आणि मीटर लावलेला छोटा बोर्ड. आता त्यात दोन्ही रेझिस्टर आहेत. दुसरा जरा तिरका बसलाय, तेवढं माफ करा. केबल उलटसुलट घालून बघा, मीटरचं टोक एका सीसीवरून दुसरीवर न्या. मघाशी मी पाहिलं तेव्हा एकीवर १.६८ दाखवत होता.